उचकी घशात की पोटात?

> "पाणी प्यायलं की थांबते, म्हणजे उचकी घशातच लागते ना?"

आवाज घशातला, पण धक्का खालचा. छाती आणि पोटामधलं श्वासपटल अचानक आकसतं, हवा आत ओढली जाते आणि जेमतेम ३५ मिलिसेकंदांत स्वरयंत्राची फट बंद होते. हवा तिथे अडते, तोच 'हिक्'. पुण्यात मिसळीची तर्री घाईने भुरकून वर सोडा प्यायला, की पोट फुगतं आणि श्वासपटलाच्या नसा चाळवतात. (आठवण कोणी काढली, हे नंतर बघू.)

पाणी गिळताना श्वास क्षणभर थांबतो, घशातल्या नसांनाही वेगळा संदेश मिळतो. श्वास रोखल्यावर रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि उचक्या विरळ होतात. मात्र ४८ तासांनंतरही चालू असतील तर पाणी पीत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.