अनुभव धागा: पावसाळ्यात तुमच्या कन्सोलचं काय होतं?

खानापूरकर (धागाकर्ता)
जून ते सप्टेंबर आपल्याकडे कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते, मग प्लेस्टेशनचं काय घेऊन बसलास, असं घरचे म्हणतात. पण जांबोटीच्या चुलतभावाचा पीएस४ स्लिम गणपतीत लावला तर पांढरा दिवा लागतो आणि टीव्हीवर 'No Signal'. मे महिन्यात झकास चालत होता. पावसाळाभर टीव्हीखालच्या लाकडी कपाटात होता, वायरी लावलेल्याच. तुमच्याकडे ओलीनं, मुंग्यांनी, झुरळांनी काय काय गेलं आणि आता कुठं ठेवता, ते लिहा. खानापूर, बेळगाव, चंदगड, निपाणी, कुठलेही असा.

शहापूरचा दुरुस्तीवाला
पांढरा दिवा टिकतोय म्हणजे मशीन चालू होतंय, चित्र बाहेर येत नाही एवढंच. आधी दुसरी वायर आणि दुसरा टीव्ही लावून बघा. तरी नाही आलं तर प्लग काढून मोबाईलचा टॉर्च टीव्हीची वायर लागते त्या एचडीएमआय पोर्टमध्ये मारा. पिना पिवळ्या चकचकीत हव्यात. कडेला हिरवट किंवा पांढरी पूड दिसली तर ओल आत गेली.

असाच एक सेट गेल्या वर्षी माझ्याकडे आला होता, तोही जांबोटीकडचाच. वरून पोर्ट बरा दिसत होता. उघडल्यावर पोर्टच्या पत्र्याखाली पांढरी पूड, आणि १९ पिनांपैकी एका टोकाच्या दोन पिनांचे पाय खाल्लेले. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशनं साफ केलं, वाळू दिलं, तरी चित्र नाही. मग हॉट एअरनं पोर्ट काढून नवा बसवला. काढल्यावर बोर्डवरचे तांब्याचे ठिपके शाबूत निघाले, म्हणून काम झालं. ते ठिपके उखडले असते किंवा पोर्टच्या मागच्या एचडीएमआय चिपखाली पूड गेली असती, तर खर्च पोर्टवर थांबला नसता.

नुसत्या ओलीनं इतक्या लवकर हे होत नाही. पिनांचे पाय अर्ध्या मिलिमीटरच्या अंतरानं असतात. त्यावर धूळ बसते, धुळीला ओल धरते आणि त्यात वीज असली की तांबं सरकायला लागतं. प्लग सॉकेटात असेल तर मशीन बंद दिसलं तरी बोर्डचा काही भाग जिवंत असतो. तुमच्या भावाच्या वायरी लावलेल्याच होत्या म्हणता ना, तिथंच शंका येते.

अनगोळची मावशी
आमच्या मिक्सरात लाल मुंग्या शिरल्या होत्या बघा. बटण दाबलं की जळका वास. मिक्सरवाल्यानं सगळं झटकून दिलं, आता खाली हळद टाकते. तुमच्या त्या खेळण्याखाली पण टाका.

शहापूरचा दुरुस्तीवाला
मावशी, ओट्यावर हळद ठीक आहे. मशीनखाली नको, पंखा ती पूड आत ओढून घेतो. झुरळाच्या खडूचंही तेच. झुरळांनी खायचं जेल मिळतं, ते भिंतीच्या फटीत आणि कपाटाच्या मागं लावा, मशीनपासून लांब.

निपाणी, बीई तिसरं वर्ष
मोबाईल पाण्यात पडल्यावर तांदळात ठेवतात तसं कन्सोल तांदळाच्या डब्यात ठेवला तर? माझा मित्र दर पावसाळ्यात ठेवतो, त्याचा अजून चालू आहे.

टिळकवाडी
तांदूळ ओल ओढतो हे खरं, पण फार थोडी. वर त्याची पूड पोर्टात जाते आणि टोके होतात ते वेगळंच. मी झाकणाला रबर असलेला प्लॅस्टिकचा डबा घेतलाय, कपडे ठेवतात तसला, साधारण ३० लिटरचा. त्यात केशरी सिलिका जेल, २०० ग्रॅम, कापडी पुरचुंडीत. एक छोटं आर्द्रतामापकही आत ठेवतो. काटा ५० च्या वर चढला आणि दाणे हिरवे झाले की मंद आचेवर तव्यात परततो, पुन्हा केशरी होतात. निळे दाणे घेऊ नका, त्यात कोबाल्ट असतं, स्वयंपाकघरात तापवायची वस्तू नव्हे ती.

डब्यात घालायच्या आधी मात्र मशीन तासभर चालवून, बंद करून, पूर्ण गार होऊ द्यायचं. ओलं मशीन डब्यात कोंडलं तर ओल आतच राहते. नुसत्या प्लॅस्टिक पिशवीत गुंडाळून ठेवणाऱ्यांचं हेच होतं.

कणकुंबी
इथं डबा-बिबा काय करायलाय. आमच्याकडे पावसात दिवसच्या दिवस सूर्य दिसत नाही. मी रोज संध्याकाळी तासभर खेळतो, मशीन गरम राहतं, काही होत नाही. आमचा त्रास निराळा. पाऊस उघडला की कुंभारीण माशी येते. एकदा यूएसबीच्या भोकात चिखलाचं घर बांधलं होतं, आत हिरवी अळी. पेनड्राईव्ह जाईना म्हणून बघितलं. चिखल वाळू दिला आणि लाकडी टूथपिकनं अलगद काढला, सुई घातली नाही. आता सगळ्या भोकांना रबराची बुचं लावतो, ऑनलाईन मिळतात.

शहापूरचा दुरुस्तीवाला
रोज चालवणं चांगलं, गरम मशीनवर ओल धरत नाही. पण तीच ऊब झुरळांना हवी असते. रेस्ट मोडवर रात्रभर ठेवलं की जाळीतून आत जातात. पॉवर सप्लायमध्ये एक झुरळ भाजलं तरी फ्यूज उडतो. घरी पॉवर सप्लाय उघडू नका, प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज असते. जाळीजवळ मोहरीएवढे काळे ठिपके दिसले तर आत वस्ती आहे समजा. खेळून झालं की पूर्ण बंद करा आणि प्लग काढा.

बेंगळुरूत नोकरी, घर वडगाव
माझा प्रश्न जरा वेगळा. स्लीपर एसी बसनं कन्सोल सॅकमध्ये घालून घरी आणतो. सकाळी उतरल्यावर बाहेर काढला की वरचं प्लॅस्टिक हाताला ओलं लागतं. लगेच लावला तर चालेल का?

टिळकवाडी
नाही. बसमध्ये २० अंश, घरी २४ अंश आणि आर्द्रता ९० टक्के धरली, तर २२ अंशांपेक्षा गार असलेल्या वस्तूवर पाणी धरतं. तसंच आत बोर्डवरही. सॅकची चेन न उघडता तीन-चार तास ठेव. ओल सॅकवर धरेल, मशीनवर नाही. आधीच ओला झाला असेल तर प्लग न लावता पंख्याखाली ठेव, दुपारनंतर लाव. हेअर ड्रायर नको.

खानापूरकर (धागाकर्ता)
भावाच्या पोर्टमध्ये आता टॉर्च मारून बघितला. एका टोकाला हिरवट आहे. डब्ल्यूडी-४० मारू का? घरात आहे.

शहापूरचा दुरुस्तीवाला
नको, त्याचा तेलकट थर राहतो आणि त्यावर धूळ चिकटते. प्लग न लावता घेऊन या.

कणकुंबी
ते रोज चालवायचं की डब्यात घालायचं, ते नक्की सांगा की. लाईट दिवसातनं चारदा जाते, चालू मशीनवर गेली तर?

टिळकवाडी
रोज खेळतोस तर बाहेर ठेव, लाईट गेली की प्लग काढ. महिना-दोन महिने हात लागणार नसेल तर डबा.

निपाणी, बीई तिसरं वर्ष
आणि डांबराच्या गोळ्या? कपाटात झुरळं येत नाहीत त्यानं.

अनगोळची मावशी
गोळ्यांनी साड्या वाचतात बाबा.