शब्दचर्चा : ‘निनावी केलेला डेटा’ म्हणावे का?

अक्षरगंध

पुल रिक्वेस्टसोबत येणाऱ्या चाचणी-फाइली कशा तपासाव्यात, याच्या सूचना मी आमच्या गटासाठी मराठीत लिहीत आहे. त्यांतल्या एका वाक्यावर अडले आहे. ‘फिक्स्चरमधील ग्राहकांचा डेटा निनावी केलेला असावा’ असे मी लिहिले होते. त्यानंतर आलेल्या एका रिक्वेस्टच्या वर्णनात लेखकाने ‘डेटा निनावी केला आहे’ असे नमूद केले आणि सोबतच्या फाइलीत पुढील नोंद होती. (नोंदीतले तपशील मी येथे बदलले आहेत, घडण तीच ठेवली आहे.)

```json
{
  "id": 884213,
  "name": "Customer 1",
  "phone_md5": "9f3c...",
  "dob": "1957-02-11",
  "created_at": "2023-08-17T23:52:09.337Z",
  "tz": "+02:00",
  "note": "दवाखान्याच्या वरचा मजला, ऐकू कमी येते"
}
```

लेखकाने माझी सूचना शब्दशः पाळली आहे, कारण नाव खरोखरच काढलेले आहे. मग चूक सूचनेतल्या शब्दाची मानायची का, आणि त्याजागी कोणता शब्द वापरावा?

नवांकुर

मला या नोंदीत आक्षेपार्ह काही दिसत नाही. नाव बदलले आहे आणि फोन क्रमांकाचा हॅश केलेला आहे. हॅशपासून मूळ क्रमांकाकडे उलटे जाता येत नाही, त्यामुळे ‘निनावी’ हा शब्द येथे योग्यच आहे.

लेथवाला

माझा अनुभव यंत्रशाळेतला आहे. तेथे फिक्स्चर म्हणजे काम चालू असताना जॉब पक्का धरून ठेवणारे साधन. त्यात डेटा कसा असेल हे मला समजले नाही, पण शब्दाविषयीच विचारत असाल तर ‘पकड’ हा मराठी शब्द चालण्यासारखा आहे.

चाचणीकार

लेथवाला यांनी सांगितलेला अर्थच मूळचा आहे. चाचणी दर वेळी त्याच स्थितीत चालावी म्हणून जी माहिती आधीच पक्की करून ठेवतात, तिला आमच्याकडे फिक्स्चर म्हणतात. प्रश्न मात्र त्या माहितीचे वर्णन करणाऱ्या शब्दाचा आहे.

मराठीत ‘निनावी पत्र’ म्हणजे ज्यावर नाव घातलेले नाही असे पत्र. अक्षरावरून आणि मजकुरावरून ते लिहिणारा सापडू शकतो, आणि सापडला तरी पत्र निनावीच राहते. त्यामुळे वरच्या नोंदीला निनावी म्हणणे भाषेच्या दृष्टीने बरोबर आहे. मात्र आपल्याला हवी असलेली हमी या शब्दात मुळातच नाही. आपल्याला हवा आहे तो ‘ओळख पुसलेला’ डेटा, म्हणजे ज्यावरून कोणीही त्या माणसापर्यंत पोहोचू शकणार नाही असा.

या नोंदीवरून पोहोचता येते. `id` हा मूळ तक्त्यातलाच क्रमांक असेल, तर कंपनीतल्या कोणालाही एका क्वेरीत नाव मिळेल. तो नवा असला, तरी पूर्ण जन्मतारीख आणि `note` मधली ओळ त्या परिसरातल्या माणसाला पुरेशी आहे. शिवाय त्या ओळीत प्रकृतीचीही माहिती आहे. फाइल तपासताना मी नावाचा रकाना सर्वांत शेवटी पाहतो, कारण तो प्रत्येकाने झाकलेलाच असतो. मुक्त मजकुराचे रकाने आधी वाचतो, कारण खरा ग्राहक बहुतेकदा तेथेच शिल्लक राहिलेला असतो. वेळेकडेही लक्ष देतो. हाताने नमुना लिहिणारा माणूस सहसा 12:00:00 लिहितो, ०९.३३७ सेकंद बहुधा प्रत्यक्ष प्रणालीतूनच आलेले असतात. तो पुरावा नव्हे, परंतु लेखकाला ‘ही नोंद कोठून घेतली?’ असे विचारायला तेवढे कारण पुरते.

नवांकुर, हॅश उलटा फिरवता येत नाही हे आपले म्हणणे खरे आहे. मात्र त्याची गरजच पडत नाही. दहा अंकी क्रमांक फार तर १,००० कोटी असू शकतात. त्या सर्वांचे एमडी५ काढून जुळवून पाहणे हे आजच्या चांगल्या ग्राफिक्स कार्डाला काही सेकंदांचे काम आहे.

नवांकुर

हे पटले. मग गुप्त किल्ली वापरून हॅश केला तर तो ओळख पुसलेला मानता येईल का?

चाचणीकार

किल्ली जवळ असलेल्याला तोच मार्ग पुन्हा खुला होतो, म्हणून नाही. युरोपीय संघाच्या २०१८ पासून लागू असलेल्या नियमावलीत हाच भेद केलेला आहे. वेगळी ठेवलेली जादा माहिती जोडल्यावर ज्यातून माणूस ओळखता येतो, तो डेटा तेथे वैयक्तिकच धरला जातो.

अक्षरगंध

‘ओळख पुसलेला’ मला पसंत आहे. परंतु या सूचनेनंतर लेखकाने दुसरे टोक गाठले. त्याने नाव `Test`, फोन `1234567890`, ईमेल `test@test.com`, वेळ `2024-01-01T12:00:00Z` आणि कालविभाग `+00:00` असे सर्वच बदलून टाकले. याला ‘बनावट डेटा’ म्हणू का?

चाचणीकार

‘बनावट’ हा शब्द मी टाळतो. त्यातून लिहिणाऱ्याचा हेतू कळतो, वस्तुस्थिती कळत नाही. `test.com` हे खरे डोमेन आहे, त्यामुळे चाचणीतून चुकून मेल गेलीच तर ती कोणा तिऱ्हाइताच्या दारात जाईल. `example.com` हे उदाहरणांसाठीच राखून ठेवलेले आहे. १९९९ सालच्या आरएफसी २६०६ मध्ये तशी नोंद आहे. मी ‘घडवलेला डेटा’ म्हणतो, कारण घडवणाऱ्याने काय ठेवले आणि काय टाकले, हे त्याला विचारता येते.

ही चाचणी कोणत्या दोषासाठी आहे?

अक्षरगंध

पोहोचवण्याची तारीख ग्राहकाच्या स्थानिक दिवसाऐवजी यूटीसीच्या दिवसावरून मोजली जात होती. त्यामुळे मध्यरात्रीच्या आसपास नोंदलेल्या मागणीला एक दिवस आधीची तारीख मिळत असे.

चाचणीकार

मग नव्या फाइलीने चाचणी निकामी केली आहे. दुपारी बाराची वेळ आणि शून्य कालविभाग असला की यूटीसीचा दिवस आणि स्थानिक दिवस एकच येतो. दुरुस्ती असो वा नसो, चाचणी हिरवीच राहणार. आपल्या यंत्रावर दुरुस्तीच्या ओळी तात्पुरत्या काढून चाचणी चालवून पाहा. ती लाल झाली नाही, तर नमुना अवास्तव आहे, मग तो दिसायला कितीही नीटनेटका असो.

लेथवाला

आता मुद्दा लक्षात आला. आमच्याकडे गेज तपासताना मुद्दाम मापाबाहेरचा तुकडा लावून पाहतात. गेजने तो नाकारला नाही, तर गेजच बाद करतात.

चाचणीकार

तंतोतंत तेच. या नोंदीत दोष उघड करणारी गोष्ट एकच आहे: मध्यरात्रीच्या अलीकडची यूटीसी वेळ आणि तिला पुढच्या दिवसात ढकलणारा कालविभाग. तेवढे ठेवावे आणि माणूस पूर्णपणे काढून टाकावा.

```json
{
  "id": 1,
  "name": "ग्राहक एक",
  "email": "grahak1@example.com",
  "created_at": "2024-03-05T23:55:00Z",
  "tz": "+02:00"
}
```

जन्मतारीख आणि टीप यांचा या दोषाशी संबंध नाही, म्हणून ते रकानेच नकोत. दोष लांब टिपेमुळे येत असता, तर तेवढ्याच लांबीचा दुसरा मजकूर लिहावा लागला असता.

आणखी एक गोष्ट आजच करा. पहिली नोंद पुढच्या कमिटमध्ये बदलली असली, तरी जुन्या कमिटमध्ये ती जशीच्या तशी आहे. शाखेचा इतिहास पुन्हा लिहावा लागेल आणि सर्व्हरवर त्या रिक्वेस्टचे जुने कमिट उघडता येतात का, हेही पाहावे लागेल. येत असतील तर ते काढण्यासाठी सर्व्हर सांभाळणाऱ्यांना सांगावे लागते.

अक्षरगंध

तसे कळवले आहे. सूचना आता अशी लिहिली आहे: ‘फिक्स्चरमधील नोंदी घडवलेल्या असाव्यात, खऱ्या नोंदीवरून घेतल्या असल्यास ओळख पुसलेली असावी, आणि दुरुस्ती काढल्यावर चाचणी लाल व्हावी.’ किल्लीने परत जोडता येणाऱ्या डेटासाठी मात्र शब्द सापडत नाही. ‘छद्मनामी’ सुचवले गेले आहे, पण ‘छद्म’मध्ये कपटाची छटा आहे.

नवांकुर

‘टोपणनावी’ कसा वाटतो?

चाचणीकार

टोपणनावामागचा माणूस बहुधा सर्वांना ठाऊक असतो, त्यामुळे तो शब्द फारच सैल पडतो. ‘छद्मनामी’ मलाही खटकतो, तरी याहून चांगला शब्द माझ्याकडे नाही. सूचनांमध्ये मी सध्या ‘नाव बदललेला, पण जोडता येणारा’ असे लांबलचकच लिहितो.