अनुभव धागा : गॅदरिंगचा कुर्ता मैत्रिणी ठरवतात, फुटलेल्या काचेचं काय?

धागा सुरू करणारी शिक्षिका, सातारा
नववी-दहावीची मुलं एकाच आठवड्यात दोन तऱ्हांनी वागताना दिसतात. केस कसे कापायचे, सॅक कोणती घ्यायची, गॅदरिंगला काय घालायचं, यात घरच्यांचा शब्द चालत नाही. पण वर्गातली काच कोणी फोडली ते सरांना सांगायचं का, असं विचारलं की तीच मुलं थेट आईवडिलांची वाक्यं बोलतात. हा फरक कुठे पडतो आणि तो ओळखायचा कसा? घरची गाऱ्हाणी नकोत. मुलांबरोबर काम करताना जे हाती लागलं ते लिहा.

शाळेतील समुपदेशक, नाशिक
ओळखायची एक जुनी आणि अजून उपयोगी पडणारी रीत आहे. १९६३ साली क्ले ब्रिटन यांनी अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या शाळकरी मुलींवर ती वापरली. प्रसंग एकच, पण चिठ्ठ्या दोन.

पहिल्या चिठ्ठीत लिहायचं : गॅदरिंगसाठी दोन कुर्ते पाहिलेत, आईला निळा आवडलाय आणि मैत्रिणींना काळा, तू कोणता घेशील? दोन आठवड्यांनी दुसरी चिठ्ठी द्यायची. त्यात बाकी सगळं तसंच ठेवून फक्त पसंतीची अदलाबदल करायची : आईला काळा, मैत्रिणींना निळा. मुलीनं आधी काळा आणि मग निळा लिहिला, तर ती मैत्रिणींच्या बाजूनं सरकली. आधी निळा आणि मग काळा लिहिला, तर आईच्या बाजूनं. दोन्ही वेळा निळाच लिहिला, तर तिला निळा आवडतो, बाकी काही नाही! एकच चिठ्ठी वापरणारे नेमके इथे फसतात, कारण मुलीची स्वतःची आवड ते आईच्या नाहीतर मैत्रिणींच्या खात्यात टाकून मोकळे होतात.

ब्रिटन यांना दिसलं ते असं : कपडे आणि शाळेत कोणता विषय घ्यायचा यात मुली मैत्रिणींकडे झुकल्या. शाळेच्या वस्तूची नासधूस करणाऱ्याचं नाव सांगायचं का, अर्धवेळ नोकरी कोणती धरायची, यात त्या आईवडिलांकडे झुकल्या. चारचौघींत वेगळं पडण्याची भीती असते तिथे मैत्रिणी. पुढे मोठ्या माणसांच्या जगात आपण कोण ठरणार, हा प्रश्न येतो तिथे घर.

करताना दोन चुका टाळा. दोन्ही चिठ्ठ्या एकाच दिवशी दिल्या तर हेतू मुलांच्या लगेच लक्षात येतो. आणि चिठ्ठीवर नाव घ्यायचं नाही. वर्गशिक्षक वाचणार म्हटलं की उत्तरं शहाण्यासारखी येतात. कोपऱ्यात स्वतःच ठरवलेली एक खूण काढायला सांगा, तिच्यावरून जोड्या लावता येतात.

रस्ता सुरक्षेचं काम करणारा, पुणे
चिठ्ठीवरचं उत्तर आणि रस्त्यावरचं वागणं यांत मोठं अंतर असतं, हे विसरू नका. २००५ साली गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांनी १३ ते १६ वर्षांची मुलं, १८ ते २२ चे तरुण आणि २४ च्या वरची माणसं यांना संगणकावर गाडी चालवायचा खेळ दिला. काही जण एकटे खेळले, काहींच्या बाजूला दोन समवयस्क बसवले. सोबत असताना लहान मुलांनी एकटं असतानापेक्षा खूपच जास्त धोका पत्करला, मोठ्या माणसांत तसा फरक जवळजवळ पडला नाही.

म्हणून मी पालकांना सांगतो, हेल्मेटवर भाषण देऊ नका. हेल्मेट घालावं हे त्याला पटलेलं असतं. फाटकातून निघताना डोक्यावर असतं, कोपऱ्यावर मित्र मागे बसला की पायाशी हुकाला लटकतं. त्यामुळे नियम हेल्मेटचा नको, मागच्या सीटचा करा : पहिलं वर्षभर मागे कोणीही समवयस्क बसणार नाही. आणि लायसन्स नसताना चावीच द्यायची नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीमालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

मराठी शाळेतील स्वयंसेवक, न्यू जर्सी
मला तर वाटतं घराचा वाटा आपण उगाच मोठा करून सांगतो. इथली मराठी मुलं बघा. घरात आईबाबा कोल्हापुरी नाहीतर वऱ्हाडी वळणाचं इंग्रजी बोलतात, मुलं मात्र शेजारच्या अमेरिकन पोरांसारखी बोलतात. जुडिथ रिच हॅरिस यांनी १९९५ मध्ये हाच दाखला देऊन म्हटलं होतं की मुलाला घडवतो तो त्याचा गट. बोली गटाची, तर मूल्यंही गटाचीच.

शाळेतील समुपदेशक, नाशिक
बोलीचं तुमचं अगदी बरोबर आहे. तिथून मूल्यांवर मारलेली उडी मात्र पटत नाही. उच्चार रोज शंभर वेळा दोस्तांच्या कानावर पडतो आणि वेगळा निघाला की लगेच चिडवाचिडवी होते. आजीला पैसे पाठवायचे का, खोटी सही चालते का, हे दोस्तांसमोर क्वचितच येतं. ते घरी दिसतं.

शिवाय गट आभाळातून पडत नाही. डेनिस कँडेल यांनी १९७८ मध्ये मित्रांच्या जोड्या शाळेच्या वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी तपासल्या. मित्र एकमेकांसारखे असतात, यात मैत्रीनंतर सारखं होण्याचा वाटा होता, तसाच आधीपासून सारख्यांनीच एकमेकांना निवडण्याचाही, आणि दोन्ही साधारण सारखे. त्या निवडीत घर आधीच शिरलेलं असतं.

एक पालक, ठाणे
धागा वाचला, पण माझा प्रश्न साधा आहे. मुलाला दहावीला ८७ टक्के आहेत. तीन मित्र ज्या कॉलेजात जाणार तिथेच त्यालाही जायचंय, प्रवासाचे रोज दोन तास गेले तरी चालतील म्हणतो. अकरावीला सायन्स घ्यायला लावू का?

शिक्षिका, सातारा
दादा, यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. शाखा कोणती हा एक, बाकावर शेजारी कोण हा दुसरा. मुलगा दुसऱ्याबद्दल बोलतोय आणि तुम्ही पहिल्याचं उत्तर देताय, म्हणून घरात वाद होत असणार. आधी कॉलेजचं नाव न काढता फक्त शाखेवर बोला, विषयांची यादी समोर ठेवून. मग पसंतीक्रम भरताना मित्रांचं कॉलेज यादीत असू द्या, पण ते कितव्या नंबरावर ठेवायचं हे प्रवासाचा वेळ प्रत्यक्ष मोजून ठरवा. सकाळच्या गर्दीत दोघांनी एकदा जाऊन या.

निवृत्त मुख्याध्यापक, लातूर
सगळं ठीक आहे, पण आमच्या काळी लक्ष ठेवलं जायचं. फोन तपासा, मित्रांची नावं विचारा, सगळं कळतं.

शाळेतील समुपदेशक, नाशिक
सर, आदर राखून सांगतो. स्टॅटिन आणि कर यांनी स्वीडनमधल्या १४ वर्षांच्या मुलांकडे पाहिलं, २००० साली ते छापून आलं. मुलाबद्दल आईवडिलांना जे माहीत असतं, ते बहुतेक मूल आपणहून सांगतं म्हणून. पाळत आणि चौकशी यांचा वाटा त्यामानानं कमीच निघाला. फोन तपासला की दुसरं खातं उघडलं जातं आणि सांगणंही थांबतं.

रस्ता सुरक्षेचं काम करणारा, पुणे
पण मग मूल सांगतं कशामुळे? घर मोकळं म्हणून सांगतं, की सांगण्यासारखंच वागतं म्हणून घर मोकळं राहतं? माझ्याकडे येणाऱ्या पालकांत मला दोन्ही दिसतं, आणि कोणतं आधी ते मला सांगता येत नाही. गावाकडच्या एकत्र कुटुंबात काम करणारं कोणी असेल तर लिहा. तिथे मूल आईबापाला नाही सांगत, पण काकूला सांगतं. ते घरच्या खात्यात धरायचं का?