मदत हवी आहे: ७७०० कॅलरी म्हणजे एक किलो चरबी, मग माझा हिशोब का चुकतोय?

नदीकाठ

नमस्कार मंडळी. वय ४१, पुरुष, उंची १६८ सेंमी, बैठं काम. सुरुवातीला वजन ८४ होतं आणि ७२ वर यायचं आहे. सूत्रानुसार माझा रोजचा खर्च २२०० कॅलरीच्या आसपास येतो, म्हणून जेवण १७०० वर ठरवलं. रोज ५०० ची तूट, १२ किलोचे ९२,४०० कॅलरी, म्हणजे १८५ दिवस. सहा महिन्यांत काम होईल असं कॅलेंडरवर लिहूनही ठेवलं होतं.

पहिल्या दोन आठवड्यांत २.३ किलो उतरलं, फार आनंद झाला. आता सोळा आठवडे झालेत. हिशोबाने ७.३ किलो जायला हवं होतं, गेलंय ५.१. शेवटच्या चार आठवड्यांत तर फक्त ९०० ग्रॅम. नोंद रोज ठेवतो, एकही दिवस चुकवलेला नाही. ७७०० हा आकडाच चुकीचा आहे का? जेवण १४०० वर आणू का? घरचे म्हणतात बास कर, पण मला वडिलांसारखा चाळिशीतच मधुमेह नकोय.

शेंगदाणा

आकडा चुकीचाच आहे. एक ग्रॅम चरबीत ९ कॅलरी असतात हे शाळेत शिकलोय. मग किलोचे ९००० झाले. ७७०० कुठून आले? ९००० धरा, उत्तर जुळेल.

मनीषा_ना

दादा, १४०० वर अजिबात जाऊ नका. कमी खाल्लं की शरीर उपासमार समजून चरबी धरून ठेवतं. मेटाबॉलिझम बंद पडतो. माझ्या बहिणीचं असंच झालं, कमी खाऊनही वजन हलेना. आधी थोडं जास्त खा, म्हणजे यंत्र पुन्हा सुरू होईल.

वैद्यकी_वाचक

मी पोषणशास्त्र शिकवते, जरा सविस्तर लिहिते.

शेंगदाणा, तुमचा ९ चा आकडा बरोबर आहे, पण तो शुद्ध चरबीचा. अंगावरची चरबी म्हणजे तेलाचा डबा नव्हे. त्या पेशींत पाणी आणि प्रथिनंही असतात, साधारण ८७ टक्केच मेद असतो. म्हणून किलोमागे ७७०० च्या आसपास. १९५८ साली मॅक्स विश्नॉफ्स्की यांनी पौंडाला ३५०० कॅलरी असं मांडलं, त्याचंच हे किलोतलं रूप. ऊतकाचा आकडा म्हणून तो ठीक आहे. चूक होते ती त्याने कॅलेंडर आखताना, कारण त्यात दोन गोष्टी गृहीत धरल्या जातात: काट्यावरून उतरलेलं सगळं चरबीच आहे, आणि पहिल्या दिवसाची तूट शेवटच्या दिवसापर्यंत तेवढीच राहते.

पहिली गोष्ट तुमच्या सुरुवातीच्या दोन आठवड्यांत दिसते. १४ दिवसांची तूट ७००० कॅलरी, त्यातून जेमतेम ९०० ग्रॅम चरबी जाणार. उरलेले १.४ किलो बहुतांशी पाणी. यकृतात आणि स्नायूंत साखरेचा जो साठा असतो, त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. जेवण कमी केलं की साठा घटतो आणि पाणी लघवीवाटे निघून जातं. ते वजा केलं तर सोळा आठवड्यांत तुमचं खरं उतरलेलं वजन ३.७ किलोच्या आसपास आहे. त्यातही थोडा भाग स्नायूंचा असणार, आणि स्नायूच्या किलोत चरबीच्या किलोपेक्षा खूप कमी कॅलरी असतात.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. वजन उतरलं की शरीराचा खर्चही उतरतो. लहान शरीर चालवायला कमी लागतं, शिवाय आपण नकळत कमी हालचाल करतो. अमेरिकेतले केव्हिन हॉल आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये यावर एक सोपा ठोकताळा दिला. रोजचं खाणं कायमचं सुमारे २४ कॅलरींनी घटवलं तर शेवटी एक किलो उतरतं, पण त्यातलं अर्धं उतरायला वर्ष लागतं. तुमच्या ५०० चे होतात साधारण २१ किलो. मात्र सोळा आठवड्यांत त्यातले सुमारे ४ च. म्हणजे तुमचे ३.७ अगदी रुळावर आहेत! १२ किलोला सहा महिने नाही, सव्वा वर्ष लागेल. Body Weight Planner नावाचं ऑनलाइन साधन याच गणितावर चालतं, त्यात तुमचे आकडे घालून पाहा.

मनीषाताई, खर्च कमी होतो हे खरं, पण तो बंद पडत नाही. उपाशी माणसाचंही वजन उतरतच राहतं. तुमच्या बहिणीबद्दल मी इथून काही सांगू शकत नाही.

नदीकाठ

खूप आभार. डोक्यावरचं ओझं उतरलं. पण शेवटच्या महिन्यातले ९०० ग्रॅम तरीही कमी वाटतात.

वैद्यकी_वाचक

बरोबर पकडलंत. ५ किलो उतरल्यावर तूट ५०० वरून ३८० वर आली असेल, म्हणजे महिन्याला १.३८ किलो. तुमचे ९०० ग्रॅम ७७०० ने गुणून २८ ने भागले तर रोजचे २४७ कॅलरी येतात. दीडशेच्या आसपास कुठेतरी निसटतात. १४०० वर जाण्याआधी तेल मोजा. फोडणीचं तेल डोळ्यांनी मोजणारे बहुतेक सगळे कमी लिहितात.

मनीषा_ना

माझं थोडं वेगळं आहे. पाळीच्या आधी काटा दीड-दोन किलो वर जातो, मग आपोआप खाली येतो. मी प्रत्येक वेळी घाबरून जेवण कमी करते. हे पाणीच का?

वैद्यकी_वाचक

बहुधा हो. म्हणून एका पाळीतल्या ठरावीक दिवसाची पुढच्या पाळीतल्या त्याच दिवसाशी तुलना करा. इतर दिवशीचा काटा बघून जेवण बदलू नका. मात्र सूज राहत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

आबा_पहिलवान

आमच्या तालमीत कुस्तीआधी चार दिवसांत चार किलो उतरवतात. सव्वा वर्ष कशाला लागेल?

वैद्यकी_वाचक

आबा, ते घाम आणि पाणी. वजनकाट्यावरून उतरून पोटभर जेवलं की परत येतं. नदीकाठांना चरबी घटवायची आहे.

नदीकाठ

आठ दिवसांनी लिहितोय. फोडणी मी घालत नाही, आई घालते, म्हणून तेलाचा डबा रोज सकाळ-संध्याकाळ वजनकाट्यावर ठेवला. माझ्या वाट्याला दिवसाला २८ ग्रॅम येतं. मी १० लिहीत होतो. १८ ग्रॅमचे १६२ कॅलरी!

वैद्यकी_वाचक

छान केलंत. आकडा जुळला म्हणून हेच एकमेव कारण असं समजू नका. चार आठवड्यांत अर्धा किलो पाणी इकडेतिकडे झालं तरी या हिशोबात दिवसाला जवळजवळ १४० कॅलरीचा फरक पडतो. तेल खरं लिहा, १७०० तेवढंच ठेवा, आणि रोजच्या वजनाची साप्ताहिक सरासरी काढा. दोन महिन्यांनी पहिल्या आठवड्याची सरासरी शेवटच्या आठवड्याशी ताडून ७७०० ने पुन्हा उलटा हिशोब करा. तोपर्यंत कुठलाही सूत्राचा आकडा तुमच्या खर्चाचा अंदाजच राहील.

शेंगदाणा

मध्ये दोन आठवडे पोटभर जेवून मग पुन्हा तूट सुरू केली तर घटलेला खर्च परत वर येतो असं ऐकलंय. खरं आहे का?

वैद्यकी_वाचक

त्यावरच्या अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. मी स्वतः वर्गातही ठामपणे सांगत नाही.

नदीकाठ

कॅलेंडरवरची जुनी तारीख खोडली. तेल आता आईच मोजून घालते. सरासऱ्या दोन महिन्यांनी याच धाग्यावर टाकतो.