मदत हवी आहे: मैत्रीण म्हणते बायो ‘जेनेरिक’ वाटतो

मुलुंडकर_३१:
डेटिंग अ‍ॅपवर प्रोफाइल टाकतोय. बायोला ३०० अक्षरांची मर्यादा आहे. लिहिलेला बायो असा:

‘साधा, मोकळ्या मनाचा माणूस. पेशाने सिव्हिल इंजिनियर. फिरायला, खायला आणि नाटकं बघायला आवडतं. मुंबईवर प्रेम. पाऊस आणि चहा म्हणजे जीव की प्राण. समजून घेणारी, मनमोकळी जोडीदार हवी.’

ऑफिसातल्या मैत्रिणीला दाखवला. ती म्हणाली, "जेनेरिक आहे. आपल्या ग्रुपमधल्या कुठल्याही मुलाच्या फोटोखाली चालेल." मग मी ‘अस्सल मुंबईकर’, ‘पक्का खवय्या’, ‘नाटकवेडा’ असं केलं. ती म्हणते, अजून तसाच आहे. नक्की काय बदलू?

नाना_गिरगाव:
उंची, शिक्षण, पगार, स्वतःचं घर आहे की भाड्याचं, यातलं काहीच नाही. मुलीकडचे आधी तेच बघतात. पत्रिका बघणार असाल तर जन्मवेळही घाला. आमच्या पुतण्याचा बायोडेटा एका पानात बसवला होता, हवा असल्यास नमुना पाठवतो.

मुलुंडकर_३१:
नाना, मंडळात द्यायचा बायोडेटा नाही हो, अ‍ॅपवरच्या चार ओळी आहेत. तरी आभार.

लोकलप्रेमी:
उपाय सोपा आहे, तपशील घाला. ‘मुंबईवर प्रेम’ऐवजी रोज कितीची फास्ट पकडता, कुठल्या डब्यात चढता, वडापाव कुठल्या गाडीवर खाता ते लिहा. लगेच खरा माणूस दिसेल.

शाईपेन:
लोकलप्रेमी, तपशील हवा हे बरोबर, पण हा तपशील नको. त्या फास्टला अख्खी गाडी भरून माणसं असतात, त्यामुळे लिहिणाऱ्याबद्दल काहीच कळत नाही. उलट अनोळखी माणसाला तो रोज कुठे आणि किती वाजता सापडेल ते मात्र कळतं. वेळ, स्टेशन, ऑफिसची इमारत बायोत कधीच टाकू नका.

मुलुंडकर, मी ओळखीतल्या लोकांचे बायो बरीच वर्षं दुरुस्त करते. तुमच्या पहिल्या दुरुस्तीत फक्त विशेषणं वाढली. ‘नाटकं आवडतात’चं ‘नाटकवेडा’ झालं, पण तुम्ही नाटक कसं बघता ते अजून कुणालाच माहीत नाही.

‘जेनेरिक’ म्हणजे काहीतरी बिनसलंय एवढंच कळलं, कुठे ते नाही. म्हणून आत्ता मजकुराला हात लावू नका. मैत्रिणीला तीन गोष्टी विचारा. कुठल्या ओळींवरून डोळे नुसते घसरले? कुठे तू मला ओळखलंस? आणि मी असं काय करतो जे यात नाहीच? तिसरं उत्तर सगळ्यात कामाचं असतं, कारण आपल्या सवयी आपल्याला दिसत नाहीत. उत्तरं इथे टाका.

मुलुंडकर_३१:
विचारलं. ‘नाटकं’ सोडून सगळ्यावरून घसरली म्हणे. ओळखलं कुठेच नाही. तिसऱ्यावर मात्र हसत सुटली: "कुणाच्याही घरी गेलास की तू आधी खांबावर बोटं वाजवतोस." खरं आहे. मी जुन्या इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट करतो, दिवसभर तेच काम. शिवाय परवडत असूनही मी नाटकाचं तिकीट बाल्कनीचंच काढतो, तेही तिने सांगितलं. आता असं केलंय:

‘स्ट्रक्चरल ऑडिटर. ३० वर्षांपेक्षा जुन्या इमारतींची तपासणी, चाचण्या आणि अहवाल. कुणाच्या घरी गेलो तरी हात खांबाकडे जातो. दर रविवारी दुपारी शिवाजी मंदिरात, बाल्कनीत. का ते विचारा! समजून घेणारी जोडीदार हवी.’

शाईपेन:
आता माणूस दिसायला लागला. एकेक ओळ घेऊ.

पहिली दोन वाक्यं व्हिजिटिंग कार्डावरची आहेत. ३० वर्षांचा नियम सोसायटीच्या सेक्रेटरीच्या कामाचा, तुमच्या भेटीच्या नाही. त्याऐवजी हात नेमकं काय करतात ते सांगा. भिंत ठोकल्यावर तुम्हाला काय कळतं?

मुलुंडकर_३१:
प्लास्टर आतून सुटलं असेल तर पोकळ आवाज येतो. वरून रंग नवा असला तरी.

शाईपेन:
हेच वाक्य घ्या. खांबाची ओळ तशीच राहू द्या, ती आता त्याच्या मागोमाग आपोआप येईल.

‘दर रविवारी दुपारी शिवाजी मंदिरात’ काढा, कारण वर सांगितलं तेच. बाल्कनी ठेवा. ‘का ते विचारा’ मात्र नको. बाल्कनी मुद्दाम निवडलीय एवढं सांगितलंत की वाचणारी स्वतःच विचारेल, आग्रह केला की विचारावंसं वाटत नाही.

शेवटची ओळ सगळ्यात कच्ची. समजून न घेणारी जोडीदार कुणाला हवी असते? तिच्यात काय हवं याची यादी देण्यापेक्षा दोघं मिळून काय कराल ते लिहा.

पंजा_आणि_शेपूट:
माझाही अनुभव सांगते. मी प्राण्यांची डॉक्टर. बायोत कामाबद्दल छान, नेमकं लिहिलं. मेसेज भरपूर आले, पण निम्मे ‘आमचा कुत्रा दोन दिवस जेवत नाहीये’ असे. तुम्हाला आता ‘वरच्या मजल्यावरून गळती होते’ येणार, तयारीत राहा.

शाईपेन:
शक्य आहे. म्हणून कामाला दोनच वाक्यं, आणि दुसरं गमतीचं.

मुलुंडकर_३१:
ही तिसरी आवृत्ती:

‘जुन्या इमारती तपासतो. रंग कितीही नवा असो, भिंत ठोकली की आतलं पोकळ प्लास्टर आवाजावरून कळतं. कुणाच्या घरी गेलो तरी हात आधी खांबाकडे जातो. नाटक बाल्कनीतून बघतो, मुद्दाम. सुटल्यावर त्यावर भांडायला कोणीतरी हवं.’

चहा-पाऊस काढताना जीवावर आलं. आणि आधी हा मजकूर मोठा होता, माझ्या मोजणीत बसत होता पण अ‍ॅप घेत नव्हतं. असं का?

शाईपेन:
आपण ‘की’ एक अक्षर मोजतो, यंत्र सहसा क आणि वेलांटी वेगळी मोजतं. जोडाक्षरात हलन्तही धरला जातो. म्हणून मोजणी अ‍ॅपच्या चौकटीतच करा.

आता ही आवृत्ती त्या मैत्रिणीला दाखवू नका. तिला तुम्ही माहीत आहात, राहिलेल्या जागा ती मनातच भरून घेईल. तुम्हाला न ओळखणाऱ्या कुणालातरी नाव-फोटो लपवून दाखवा. ‘कसा वाटला’ असं विचारू नका, ‘याला पहिला मेसेज काय टाकशील’ असं विचारा. तिला पटकन काही सुचलं नाही, तर अजून काम बाकी आहे.

मुलुंडकर_३१:
बहिणीच्या रूममेटला दाखवला. तिने लगेच लिहून दिलं: ‘बाल्कनीतून असं काय दिसतं जे पुढून दिसत नाही?’ उत्तर आहे माझ्याकडे, पूर्ण नेपथ्य आणि नटांच्या हालचाली वरून दिसतात. पण ‘भांडायला’ वाचून तिने भुवया उंचावल्या. ‘गप्पा मारायला’ करू का?

पंजा_आणि_शेपूट:
करा. अनोळखी पुरुषाच्या बायोत भांडण हा शब्द वाचला की मी पुढे सरकते. मग तो नाटकावर असो नाहीतर कशावरही.

शाईपेन:
‘गप्पा’ केलंत की शेवट पुन्हा कुणाच्याही फोटोखाली चालेल असा होतो. ‘वाद घालायला’ कसं वाटतं? मला स्वतःला ‘भांडायला’च आवडलं होतं, पण पंजाताईंचा मुद्दा खोडता येत नाही.

लोकलप्रेमी:
‘भांडायला’च ठेवा. जिला नाटकावर भांडायचं नाही ती नाहीतरी कंटाळेल.

मुलुंडकर_३१:
आज ‘वाद घालायला’ टाकून ठेवतो. मैत्रीण ‘भांडायला’च्या बाजूने आहे, बहीण विरुद्ध. पहिल्या आठवड्यात गळतीचे मेसेज किती आले ते सांगेन.