बाबा घरी येईपर्यंत लेकराला जागं ठेवायचं का?

सुमित_ठाकुर्ली
मुलगा वीस महिन्यांचा आहे. फोर्टातून सुटून मी घरी पोचतो तेव्हा पावणेनऊ होतात आणि हा पावणेआठलाच झोपलेला असतो. आठवडाभर पोरगा मला फक्त झोपलेला दिसतो. दुपारची झोप बंद करा, संध्याकाळी खेळवत ठेवा, दमला की आपोआप झोपेल आणि सकाळी उशिरा उठेल, असं मी म्हणतो. बायको ऐकत नाही. हल्लीच्या आया घड्याळाच्या गुलाम झाल्यात, बापाचा विचार कोणी करतच नाही.

वैदेही_बदलापूर
सुमितदादा, तुमच्या बायकोचं बरोबर आहे आणि तुमची इच्छाही रास्त आहे. पण तुम्ही सांगताय त्या मार्गाने गेलात तर पंधरवड्यात घरातलं कोणीच झोपणार नाही. आमच्याकडेही बाबा कर्जत लोकलने पावणेनऊला येतो, म्हणून राग आवरून सगळं लिहिते.

दुपारची झोप तोडलेलं पोर रात्री लवकर आडवं होतं, पण झोपत नाही. या वयात संध्याकाळची मर्यादा उलटून गेली की शरीर जागं राहण्यासाठी जोर लावतं. पोर घरभर पळतं, खदाखदा हसतं, सोफ्यावरून उड्या मारतं. मोठ्यांना वाटतं, अजून केवढा दम आहे! तो दम नसतो, थकवा असतो. मग झोपायला तासभर रडारड, झोपल्यावर तास-दीड तासात किंचाळून उठणं, आणि पहाटे पाचला डोळे टक्क उघडे. उशिरा झोपवलेलं पोर आणखी लवकर उठायला लागलं, तर समजा की त्याची झोप तुटते आहे.

झोपेची वेळ एकटी हलत नाही, अख्खा दिवस हलवावा लागतो, आणि सुरुवात सकाळपासून होते. तुमचा मुलगा साडेसहाला उठतो, साडेबारा ते अडीच झोपतो, पावणेआठला झोपतो, असं धरा. म्हणजे दुपारी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत तो सव्वापाच तास जागा असतो. हे सव्वापाच तास ताणायचे नाहीत. तो आठला उठला, दोन ते चार झोपला आणि सव्वानऊला झोपला, तर जागेपणाचे तास तेच राहतात, एकूण झोपही तेवढीच, पावणेतेरा तास. जागतिक आरोग्य संघटना या वयाला ११ ते १४ तास सांगते, दुपार धरून, त्यात हे व्यवस्थित बसतं.

एकदम दीड तास ढकलू नका. पंधरा मिनिटं पुढे, तीन दिवस तिथेच थांबा, मग पुढची पंधरा. उठणं, नाश्ता, दुपारचं जेवण, झोप, रात्रीचं जेवण, सगळं बरोबरच सरकवायचं. पहाटे पाचचं उठणं किंवा रात्रीची किंचाळी सुरू झाली तर पुढचा टप्पा न घेता आहे तिथेच आणखी चार दिवस काढा. अशा चालीने महिनाभर लागला तरी चालेल.

सकाळचा उजेड हा यातला खरा चालक. मे महिन्यात आपल्याकडे सहाच्या आसपास सूर्य उगवतो आणि पूर्वेची खिडकी असेल तर पोर आठपर्यंत झोपणं अशक्य. जाड पडदा लावा आणि तो वेळेआधी उठला तरी ठरलेल्या वेळेपर्यंत खोली अंधारी ठेवा. याच्या उलट, साडेआठनंतर घरातली ट्यूबलाइट बंद करून एक लहानसा पिवळा दिवा. लहान मुलांच्या झोपेच्या संप्रेरकावर रात्रीच्या प्रखर उजेडाचा परिणाम मोठ्यांपेक्षा जास्त होतो.

शेवटचं, आणि तुमच्यासाठी महत्त्वाचं. मुलाचं जेवण तुम्ही येण्याआधीच उरकलेलं असू द्या. तुम्ही आलात की हातपाय धुवून लगेच त्याच्याजवळ जा. हवेत उडवणं, घोडा-घोडा हे रविवारी सकाळी. दूध, दात घासणं, कपडे बदलणं, गोष्ट, थोपटणं, हे सगळं तुम्हीच करा, बायको बाहेरच्या खोलीत. झोपवणं हाच तुमचा वेळ. पावणेनऊ ते सव्वानऊ पूर्ण तुमचा असेल तर त्याआधीचा तास गेल्याचं वाईट वाटत नाही.

काका_सातारकर
आमच्या वाड्यात सगळी पोरं साडेदहाला झोपायची, आजोबांच्या मांडीवर. कोणाला काही झालं नाही. एवढा हिशोब कोण ठेवत होतं?

वैदेही_बदलापूर
काका, वाड्यातली लहान पोरं सकाळी हवं तेव्हा उठायची आणि दुपारी दोन-दोन तास ताणून द्यायची. सकाळी आठला त्यांना पाळणाघरात पोचवायचं नव्हतं. साडेदहाला झोपण्यात काही वाईट नाही, साडेदहाला झोपून साडेसहाला उठवण्यात वाईट आहे.

तन्मय_हिंजवडी
सकाळ हलवायची काय गरज? संध्याकाळी पाचला अर्ध्या तासाची डुलकी द्या, पोर नऊ-साडेनऊपर्यंत ताजंतवानं. आम्ही तसंच करतो.

वैदेही_बदलापूर
गाडी उशिरा आहे किंवा लग्नाला जायचंय, अशा दिवशी हे चालतं आणि मीही करते. रोज केलंत तर दुपारी दोन तास झोपणारं पोर पाचनंतरच्या डुलकीमुळे दहापर्यंत जागतं आणि मग सकाळ आपोआप बिघडते. तुमचं पोर किती महिन्यांचं?

तन्मय_हिंजवडी
अकरा.

वैदेही_बदलापूर
अकराव्या महिन्यात दिवसातून दोनदा झोप लागते, म्हणून तुमचं जमतंय. वीस महिन्यांच्या पोराला बहुतेक एकच लागते.

प्रज्ञा_कळवा
वैदेही, कागदावर सगळं छान आहे. मी सातपंचवीसची लोकल पकडते आणि त्याआधी मुलीला पाळणाघरात सोडते. ती आठपर्यंत झोपणार कशी? आणि पाळणाघरात सगळी मुलं एक वाजता आडवी, चारपर्यंत उठवत नाहीत, कारण तेव्हा बायकांना निवांतपणा मिळतो. चारला उठलेली पोर मग रात्री दहापर्यंत जागी. दोष मात्र आईला.

शरयूमावशी_डोंबिवली
प्रज्ञा, मी गेली कित्येक वर्षं पाळणाघर चालवते. निवांतपणा मिळतो म्हणून झोपवतो, हे वाचून फार लागलं. एका खोलीत दहा मुलं. एकाला एक वाजता, दुसऱ्याला दोनला आणि तिसऱ्याला अडीचला झोपवलं तर कोणीच झोपणार नाही, कारण पहिला उठून रडला की बाकीचे उठतात. त्या दोन तासांत आम्ही भांडी घासतो, दुपट्टी धुतो, संध्याकाळचा खाऊ करतो. आणि पालक मुलांना अर्धवट झोपेतून उचलून आणतात, घेऊन जायला साडेसातला येतात, उशीर झाला तर फोनही करत नाहीत.

प्रज्ञा_कळवा
मावशी, उशिराचे पैसे तुम्ही घेता. मी एकदा विनंती केली होती की माझ्या मुलीला साडेतीनला उठवा, तर उत्तर मिळालं, "इथे एकीसाठी वेगळं नियोजन होत नाही." पैसे पूर्ण घेता आणि तेवढंही करत नाही.

शरयूमावशी_डोंबिवली
ते मी नव्हे, आमच्याकडे असं कोणी बोललं असतं तर मी त्याला घरी पाठवलं असतं. पण तुम्हीही झोपलेल्या मुलाला उठवून बघा. वीस मिनिटं रडतं आणि बाकी नऊ जागी होतात.

तन्मय_हिंजवडी
मुळात पाळणाघर ऑफिसातच का नाही? २०१७ च्या मातृत्व लाभ कायद्यातल्या दुरुस्तीपासून पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी ते बंधनकारक आहे. आमच्या इमारतीत नाही. विचारलं की वरचे लोक हसतात.

प्रज्ञा_कळवा
कायदा आहे, पाळणाघर नाही. आणि असतं तरी दीड वर्षाच्या पोराला घेऊन सकाळच्या लोकलमध्ये चढणार कोण? कंपनीने कामाची वेळ हलवली असती तर हा धागाच निघाला नसता. बापाला साडेसहाला सोडा, प्रश्न संपला.

सुमित_ठाकुर्ली
मला साडेसहाला कोणी सोडणार नाही, त्यावर वेळ घालवू नका. माझ्या प्रश्नाचं पाळणाघर करून टाकलंत सगळ्यांनी. आमच्याकडे मुलाला आजी सांभाळते आणि तिला सकाळी आठला उठलेला नातू चालेल. पण ती संध्याकाळी सात ते नऊ मालिका बघते, टीव्ही मोठ्ठा आणि हा समोर बसलेला. ते बंद करा म्हटलं तर घरात वादळ होईल.

शरयूमावशी_डोंबिवली
आईंना सांगा, साडेआठपर्यंत बघा. पुढचा अर्धा तास दुसऱ्या दिवशी दुपारी मोबाइलवर बघता येतो. हे तुम्ही सांगा, सुनेला पुढे करू नका.

वैदेही_बदलापूर
मावशींनी नेमकं सांगितलं. आणि प्रज्ञा, तुझा मुद्दा मी मान्य करते, मनाविरुद्ध का होईना. ज्या घरात साडेसहाला उठवणं अटळ आहे, तिथे रात्रीची वेळ हलवू नये, कारण रात्री दिलेला तास सकाळी परत मिळत नाही. तिथे बापाने सकाळचा वेळ घ्यावा. तुमच्या घरी बाबा किती वाजता निघतो?

प्रज्ञा_कळवा
साडेनऊला. सहा ते सात तो झोपलेला असतो.

वैदेही_बदलापूर
मग त्याला उठव. तोंड धुणं, दूध, कपडे, पाळणाघरात सोडणं, सगळं त्याच्याकडे दे. पोर सकाळी सगळ्यात जास्त आनंदी असतं आणि तो वेळ तुमच्याकडे कोणी वापरत नाही.

प्रज्ञा_कळवा
रात्री पावणेबाराला जेवून झोपलेला माणूस सहाला उठणार नाही. सांगून बघितलंय. पुन्हा सांगते, पण भरवसा नाही.

निखिल_नाशिक
माझी रात्रपाळी आहे, मुलगी चार महिन्यांची. तिला माझ्याबरोबर दिवसा झोपवून रात्री जागवता येईल का? म्हणजे सुटीच्या दिवशी आम्ही एकत्र.

वैदेही_बदलापूर
नको. चार महिन्यांत तिचं दिवस-रात्रीचं वेळापत्रक आत्ता कुठे बसतंय, ते उलटं करू नका. तुम्ही दुपारी उठल्यावर तिची संध्याकाळची झोप आणि आंघोळ तुमच्याकडे घ्या.

सुमित_ठाकुर्ली
बायकोला हे सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मी तेच सांगत होते." मान्य. सोमवारपासून पंधरा मिनिटं. पण गाडी उशिरा आली आणि साडेनऊ झाले तर? त्या दिवशी त्याने मला बघायचंच नाही?

वैदेही_बदलापूर
त्या दिवशी थांबायचं नाही. दिवा साडेआठलाच मंद, पावणेनऊला बायकोने सुरुवात करायची. तुम्ही डोंबिवलीला उतरताना फोन केलात तरी व्हिडिओ कॉल नको, उजेड आणि बाबाचा चेहरा दोन्हींमुळे तो जागा होतो. महिन्यात असे तीन-चार दिवस जाणारच. आणि रविवारी त्याला दहापर्यंत जागवून सोमवारी आठला उठवू नका, सगळी मेहनत तिथे वाया जाते.

काका_सातारकर
रविवारी तरी बापाला मोकळं सोडा.

वैदेही_बदलापूर
रविवारची सकाळ पूर्ण त्याचीच आहे, काका. आठला उठून बागेत जाऊ दे. मी फक्त रात्रीबद्दल बोलतेय.