एका स्क्रीनशॉटने वाचलेली सीट (अनुभव धागा)

पवननगरची_पोर

काल आईचा जुना फोन एक्स्चेंजला द्यायचा म्हणून गॅलरी रिकामी करत होते. शेवयांच्या रेसिप्या, गुड मॉर्निंगचे गुलाब आणि मध्येच तो स्क्रीनशॉट! हात थांबलाच. म्हटलं सगळ्यांना सांगावं, आणि तुमचे असे अनुभव असतील तर तेही वाचावेत.

इंजिनिअरिंगचा कॅप राउंड. मला नाशकातलंच कॉलेज लागलं होतं, पण दुसऱ्या नंबरचा ऑप्शन. म्हणजे आपोआप फ्रीझ नाही, लॉगिन करून आपणच फ्रीझ म्हणजे हीच सीट पक्की, की बेटरमेंट म्हणजे वरच्या ऑप्शनसाठी पुढच्या राउंडला थांबायचं, ते निवडायचं आणि सीट ॲक्सेप्टन्सचे १००० रुपये भरायचे. शेवटच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत मुदत. शेवटच्या दिवसापर्यंत का थांबलीस हे विचारू नका, घरात दोन दिवस 'पुण्याचं लागेल, थांब' आणि 'हातचं सोडू नको' अशी पानिपतची लढाई चालू होती.

पप्पा अंबडला सेकंड शिफ्टला. निघताना बजावून गेले, झालं की मला कळव. अडीचला बसले, आईच्या फोनवर. साइट गोगलगाय. फ्रीझ निवडलं, पैसे गेले, बँकेचा मेसेज आला, आणि मग ते पान उघडलं. माझं नाव, ॲप्लिकेशन नंबर, कॉलेज, फ्रीझ, स्टेटस ॲक्सेप्टेड. खाली रिसीट डाउनलोडचं बटण. ते दाबलं की नुसतं चक्र फिरतंय. पप्पांचा फोन आला, "झालं का?" म्हणून त्यांना दाखवायला स्क्रीनशॉट काढला आणि पाठवला. एवढंच. हुशारी वगैरे काही नव्हती.

दोन मिनिटांत साइट झोपली. 503 Service Unavailable. तीनला पाच कमी असताना परत उघडली, लॉगिन केलं, तर सीट नॉट ॲक्सेप्टेड. पैसे भरण्याचं बटण पुन्हा समोर! दाबलं तर एरर. तीन वाजले, बटण गायब.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजात. काउंटरवरच्या मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे फिरवून दाखवली. "अलॉटमेंटच्या यादीत नाव आहे गं, पण ॲक्सेप्टन्स नाही. माझ्याकडे रिपोर्टिंग घ्यायचं बटणच येत नाही, मी काय करू?" बँकेचा मेसेज दाखवला. त्या म्हणाल्या, पैसे कापले म्हणजे सीट घेतली असं होत नाही, ते परतही येतील. तिथल्या बाकड्यावर बसून मी रडले, खोटं कशाला बोलू.

त्यांनीच स्क्रूटिनी सेंटरला पाठवलं. तिथल्या सरांना पप्पांच्या व्हॉट्सॲपवरचा फोटो दाखवला. सर म्हणाले, "हा नको. ज्या फोनवर काढला तो आण." आईचा फोन आईकडे, आई कामावर. रिक्षाने पाथर्डी फाट्याला जाऊन फोन आणला. सरांनी फाइलचं नाव उघडून पाहिलं, त्यात 14-41-08 असं होतं. बँकेचा मेसेज १४:३९ चा. त्यांनी दोन्ही वेळा, ट्रान्झॅक्शन नंबर आणि ॲप्लिकेशन नंबर लिहून लॉगिनमधून तक्रार टाकली, मूळ फाइल जोडून मेलही केला. संध्याकाळी साडेसातला स्टेटस बदललं. रिपोर्टिंगची मुदत एक दिवस वाढली होती म्हणून दुसऱ्या दिवशी कॉलेजात फी भरली आणि रिसीट हातात आल्यावरच घरी गेले.

आता डिग्री झाली, नोकरीपण लागली. फोन अजून दिला नाहीये.

निफाडचा_नाना
वाचताना घाम फुटला. आमच्या वेळी बरं होतं, हॉलमध्ये बसायचं, नाव पुकारलं की उठायचं. सीट नाही मिळाली तरी समोर मिळायची नाही.

सेतूच्या_रांगेत
माझं नॉन क्रिमीलेअर अडकलंय, १५ दिवस झाले. पावती आहे. स्क्रीनशॉट चालेल का?

पवननगरची_पोर
@सेतूच्या_रांगेत ते वेगळं आहे हो, इथे कोणी सांगेल.

कायदा_थोडाफार
स्क्रीनशॉटला काडीचीही किंमत नाही. दोन मिनिटांत एडिट होतो. कोर्टात ६५ब चं सर्टिफिकेट लागतं, त्याशिवाय इलेक्ट्रॉनिक पुरावा उभाच राहत नाही. हिचं नशीब चांगलं म्हणून काम झालं.

चष्मेवाले_सर
कायदेपंडित, ६५ब जुन्या कायद्यातलं. १ जुलै २०२४ पासून नवा साक्ष्य अधिनियम आहे, त्यात ते कलम ६३ मध्ये आलं. आणि सेंटरवरचं टेबल म्हणजे कोर्ट नव्हे.

मी काही वर्षं अशाच एका सेंटरवर बसलोय, तिथून काय दिसतं ते सांगतो. स्क्रीनशॉट बघून कोणी सीट देत नाही, द्यायचा अधिकारही नाही. त्याने फक्त वर बसलेल्या माणसाला कळतं की कुठे शोधायचं. 'सर माझे पैसे गेले' अशा शेकडो तक्रारी येतात, त्यांचं काय करणार? पण ॲप्लिकेशन नंबर, ट्रान्झॅक्शन नंबर आणि '१४:४१ ला पोर्टलचं हे पान आलं होतं' एवढं दिलं की त्याच मिनिटाची नोंद काढून बघता येते. नोंद सापडली तर सीट. नाही सापडली तर तुमचा स्क्रीनशॉट कितीही सुंदर असो, उपयोग नाही.

पोरं घोळ घालतात तो इथे. पैसे भरताना आपण पोर्टल सोडून बँकेच्या दारात जातो आणि तिथून परत पोर्टलवर येतो. गर्दीत साइट पडते तेव्हा हा परतीचा रस्ता तुटतो. बँक म्हणते पैसे गेले, पोर्टलला पत्ताच नाही. 'पेमेंट सक्सेसफुल' चं हिरवं टिकमार्क असतं ते बरेचदा बँकेच्या दारातलं. त्याचा स्क्रीनशॉट आणला तर फक्त पैसे गेल्याचं कळतं. या मुलीकडे परत आल्यानंतरचं पान होतं, त्यावर फ्रीझ लिहिलेलं होतं. केस मजबूत झाली ती त्यामुळे.

कायदा_थोडाफार
मग नोंद होती तर लॉगिनला नॉट ॲक्सेप्टेड का दिसत होतं?

चष्मेवाले_सर
ते मला आतून माहीत नाही. साइट परत उभी करताना मागची प्रत लागली असेल, हा माझा अंदाज. अंदाजच.

सिन्नर_सायबर
सरांशी सहमत. माझं कॅफे आहे, सीझनला दिवसाला ४०-५० फॉर्म. माझा अनुभव उलटा आहे. एका पोराने माझ्या कॅफेतल्या मुलाचाच मोबाइल नंबर फॉर्मला टाकला, ओटीपी पटकन यावा म्हणून. पुढच्या राउंडला मुलगा काम सोडून गावी गेलेला, फोन बंद. ते पोरगं माझ्या दारात बसलेलं, आई शेजारी. स्क्रीनशॉट होते त्याच्याकडे डझनभर, पण ओटीपीच्या दारातून आत कसं जाणार? नंबर बदलायला अर्ज, आयडी, फोटो, सगळं केलं, तोवर राउंड गेला. तेव्हापासून भिंतीवर पाटी लावलीये, स्वतःचा नंबर आणा नाहीतर परत जा.

गोदाकाठी
पाथर्डी फाट्यावरून रिक्षाने आलीस म्हणजे भाडं किती घेतलं गं तेव्हा? 😄

पवननगरची_पोर
विचारू नका. पाहिलं त्याने मी रडतेय, तरी मीटर नाही टाकला.

गोदाकाठी
नाशिकच्या रिक्षात मीटर असतो हीच बातमी आहे.

दोन_पोरींची_आई
माझी मोठी यंदा अकरावीच्या फॉर्मला आहे. ते व्हॉट्सॲपवरचा फोटो का चालला नाही ते मला नाही कळलं. फोटो तोच ना?

चष्मेवाले_सर
ताई, दिसायला तोच. पण व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं आणि नाव बदलून IMG-…-WA0007 असं काहीतरी ठेवतं. तारीख राहते, वेळ जाते. मूळ फोनमध्ये Screenshot ने सुरू होणाऱ्या नावात बहुतेकदा तास-मिनिट-सेकंद असतात. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, मग तसाच जातो. नावही बदलता येतं हे खरं, म्हणून एकट्या नावावर कोणी विसंबत नाही, बँकेच्या मेसेजशी वेळ जुळते का ते बघतात.

आणि स्क्रीनशॉट कापू नका. पोरं वरची पट्टी क्रॉप करून फक्त नाव ठेवतात. घड्याळ आणि साइटचा पत्ता त्या पट्टीतच असतो.

सिन्नर_सायबर
लॅपटॉप असेल तर त्याहून सोपं. रिसीटचं बटण नाही चाललं तरी Ctrl+P दाबून Save as PDF करा. तिथे Headers and footers ला टिक असली की पानाच्या वर तारीख-वेळ आणि खाली वेबसाइटचा पत्ता छापून येतो. मी सगळ्यांचं असंच ठेवतो.

दोन_पोरींची_आई
हे लिहून घेतलं 🙏 कुकर लावलाय, बाकीचं नंतर वाचते.

मुदतवाढ_मामा
मला एक शंका आहे, राग मानू नका. मुदत तर एक दिवस वाढलीच होती. म्हणजे स्क्रीनशॉट नसता तरी काम झालंच असतं ना?

पवननगरची_पोर
@मुदतवाढ_मामा वाढली ती कॉलेजात रिपोर्टिंग करायची. ॲक्सेप्टन्सची खिडकी तीनला बंद झाली ती झालीच. माझ्या वर्गातल्या एकीचं अगदी असंच झालं होतं, तिच्याकडे फक्त बँकेचा मेसेज. तिचे हजार रुपये आठ दिवसांनी परत आले. सीट नाही.

मुदतवाढ_मामा
पण तिने पान बघितलं होतं का परत आल्यावरचं? की मध्येच तुटलं होतं? कदाचित तिची नोंदच झाली नसेल.

पवननगरची_पोर
हे मी तिला कधीच विचारलं नाही. तिने पुढच्या राउंडला दुसरं कॉलेज घेतलं.

चष्मेवाले_सर
मामांचा प्रश्न बरोबर आहे. नोंद झालेली असती तर स्क्रीनशॉटशिवायही जुळणीत कधीतरी सापडलीच असती. पण 'कधीतरी' म्हणजे पुढच्या राउंडच्या जागा जाहीर व्हायच्या आधी की नंतर, हे कोण सांगणार. कॉलेजने पोर्टलवर ॲडमिशन चढवली नाही तर ती जागा रिकामी धरली जाते. म्हणून पोरांना मी सांगायचो, फी भरली की लगेच निघू नका, पोर्टलवरून निघालेली पावती हातात घ्या. कॉलेजच्या पावतीपुस्तकातली वेगळी, पोर्टलची वेगळी.

सेतूच्या_रांगेत
माझ्या नॉन क्रिमीलेअरचं कोणी सांगेल का

चष्मेवाले_सर
@सेतूच्या_रांगेत पावती फॉर्म भरताना चालू शकते, पण मूळ प्रमाणपत्र ठरलेल्या तारखेच्या आत दाखवावंच लागतं, नाहीतर ओपनमध्ये टाकतात. त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत तारीख असते, ती बघा. आणि आलं की त्यावरची मुदत वाचा, पुढच्या ३१ मार्चपर्यंतची हवी. लोक जुनंच घेऊन येतात.

सेतूच्या_रांगेत
मुदत ह्या मार्चची दिसतेय जुन्यावर 😐 उद्या परत जातो.

निफाडचा_नाना
उद्या शनिवार आहे हो.

सेतूच्या_रांगेत
अरे देवा.

गोदाकाठी
पवननगर, त्या फोनचे एक्स्चेंजला किती देतायत?

पवननगरची_पोर
साडेआठशे. आई म्हणते राहू दे, चार्जर चालतोय अजून.